मालक नसताना रिवायंडिंगचं दुकान चालायचं असेल तर

भाऊ, सगळ्या कामांची पद्धत एकदम लिहायला बसू नकोस. तू लग्नाला परभणीला गेलास की ज्या कामासाठी पोरं सारखा फोन करतात, तेच आधी घे. आपल्या धंद्यात ते म्हणजे जळालेली सबमर्सिबल मोटर खोलणं. जुनी वायंडिंग न मोजता उपटली की नवी भरायची कशी, हे कुणालाच सांगता येत नाही.

कागदावर एवढंच लिही: मोटर आली की शेतकऱ्याचं नाव, गाव, एचपी लिहून टॅग बांध. वायर कापण्याआधी कनेक्शनचा फोटो काढ. एका स्लॉटातले वेढे दोनदा मोज, आकडे जुळले तरच वहीत लिही. तारेवरचं प्लास्टिक सोलून मायक्रोमीटरने जाडी घे; सोललं नाही तर गेज जाड येतो आणि चुकीची तार भरली जाते.

“नीट तपास” असलं लिहू नकोस, पोरगा मोटर हाताने फिरवून बघेल आणि मोकळा होईल. लिही: वायंडिंग भरलेली मोटर पाण्यात बुडवून ठेव, मग ५०० व्होल्टचा मेगर लाव. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर द्यायची नाही, मला फोन. गिऱ्हाईक कितीही घाई करो. उन्हाळ्यात तर करणारच.

मग सगळ्यात नव्या पोराला कागद दे, तू गप्प उभा राहा. तो जिथं अडून तुझ्याकडं बघेल, तिथली ओळ दुरुस्त कर.