दागिने, घड्याळं आणि त्यांचे पुरावे: वाचकांचे प्रश्न

पाटल्यांवर हॉलमार्कचा एचयूआयडी नंबर आहे, बीआयएस केअर ॲपमध्ये चेक केला तर बरोबर दिसतो. मग बिल जपायची काय गरज? – निपाणी

ॲपमध्ये दुकान, हॉलमार्क सेंटर, शुद्धता, दागिन्याचा प्रकार असं येतं, पण तुमचं नाव तिथं कुठंच नसतं. त्यामुळं चोरीचा माल पकडला तर तो कुठल्या दुकानातून गेलेला ते कळेल, पण तुमच्याकडं आला हे बिलच सांगणार. आणि बिलावर कित्येकदा नुसतं 'पाटल्या २ नग' असतं. दोन पाटल्या म्हणजे दोन वेगळे नंबर, ते दोन्ही सराफाकडून बिलावर लिहून घ्या आणि तिथंच भिंगातून पाटल्यांवरच्या नंबराशी जुळवून बघा, घरी आल्यावर नको. थर्मल कागदाचं बिल काही वर्षांत पांढरं पडतं, त्याचा फोटो त्याच दिवशी काढा.

आजीची ठुशी आणि तोडे आहेत, बिल कधीच नव्हतं. विमा कसा करायचा? – खानापूर

ओळखीच्या सराफाकडं जा, काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा फोटो घ्या. ठुशीला गोफ असतो, तोड्यात लाख असली तर तीही वजनात धरली जाते, म्हणून एकूण वजन आणि निव्वळ सोनं वेगळं लिहायला सांगा. मग मागची बाजू, फासा, जुना डाग दिलेली जागा, चेपलेला मणी यांचे जवळून फोटो काढा, कारण दागिना तुमचाच हे असल्या खुणांवरूनच पटतं, समोरच्या नक्षीवरून नाही, तसली नक्षी शंभर घरांत असते. अर्थात चोरानं वितळवून लगड केली की खुणा गेल्या, मग वजन आणि शुद्धतेचा लेखी पुरावाच उरतो.

विम्याचं म्हणाल तर 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत मौल्यवान वस्तूंचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एक नग १ लाखापर्यंत असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मागत नाहीत, त्यापुढं लागतं. पण नीट ऐका, मूळ पॉलिसीत चोरी धरतात ती आग, पूर असं काही घडल्यावर ७ दिवसांच्या आत झालेलीच, साधी घरफोडी नाही. ती वेगळी जोडून घ्या, आणि एजंटनं तोंडी सांगितलेलं सोडा, पॉलिसीच्या कागदावर बघा.

कोल्हापूरला जाताना बसमध्ये महागडं घड्याळ गेलं. बॉक्सवरचा नंबर आहे. तक्रार कर्नाटकात की महाराष्ट्रात? – बेळगाव

आधी तो नंबर कसला ते बघा. मॉडेल नंबर त्या मॉडेलच्या प्रत्येक घड्याळावर सारखाच असतो, त्यानं काही सिद्ध होत नाही. सीरियल नंबर त्या एकाच घड्याळाचा, तो बहुतेक मागच्या झाकणावर किंवा पट्टा जोडतात त्या दोन टोकांच्या मध्ये कोरलेला असतो आणि वॉरंटी कार्डवर पण सापडेल. कार्ड हरवलं असलं तर सर्व्हिसिंगची पावती शोधा, तिच्यावर कधीकधी असतो.

तक्रार बेळगावातच द्या. चोरी हद्दीबाहेर झाली म्हणून परत पाठवता येत नाही, नव्या बीएनएसएस कायद्याच्या कलम १७३ नुसार झिरो एफआयआर घेऊन ती तिकडच्या ठाण्याला पाठवायची असते. एफआयआर कन्नडमध्ये असणार, तेव्हा सहीआधी कुणाकडून तरी वाचून घ्या आणि सीरियल नंबर एकेक अक्षर तपासा. ओ च्या जागी शून्य पडलं तर घड्याळ सापडूनही जुळत नाही. फोटो आणि कार्डाची झेरॉक्स तक्रारीला जोडा, एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती मागून घ्या, विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा.