दिंडीच्या चालीने चालणे : लेकीला पत्र

“आई, पुढच्या आषाढीला मला आजीच्या दिंडीबरोबर चालायचंय. निदान पुणे ते सासवड तरी. मी इथे आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर सहज चालते, मग वेगळी तयारी कशाला लागते? आणि दिंडीत गेल्यावर नेमकं वागायचं कसं?”

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पुणे ते सासवड हा टप्पा तू निवडलास, म्हणून त्याच एका दिवसाच्या आधाराने सारे सांगते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, पुण्यात दोन रात्री मुक्काम करते आणि मग दिवे घाट चढून सासवडला जाते. संपूर्ण वाटेतील सर्वांत लांब टप्प्यांपैकी हा एक आहे, अंतर सुमारे तीस किलोमीटर भरते आणि त्या दिवशी बहुधा एकादशी असते. म्हणजे उपास, लांब पल्ला आणि घाट अशा तिन्ही गोष्टी नवख्या माणसाच्या वाट्याला एकाच दिवशी येतात.

तू चालतेस ती चाल मोकळी आहे. तू ताशी पाच किलोमीटरने जातेस, मनात आले की थांबतेस आणि रस्ता तुझा एकटीचा असतो. दिंडी टाळांच्या ठेक्यावर, ताशी तीनेक किलोमीटरने सरकते. पुढची दिंडी थांबली की मागच्या साऱ्या थांबतात, दहा मिनिटे जागेवर उभे राहावे लागते आणि पुन्हा पन्नास पावले चालून परत थांबणे येते. त्यामुळे तीस किलोमीटरसाठी बारा ते चौदा तास पायांवर काढावे लागतात. रोज भराभर चालणाऱ्यांचे पाय वारीत दुखतात ते अंतरामुळे कमी आणि या उभे राहण्यामुळे अधिक. टाचा, कंबर आणि पोटऱ्या भरून येतात. म्हणून सरावही त्याच प्रकारचा हवा. निघण्यापूर्वी दोन महिने हाती ठेव. पहिला महिना नेहमीसारखे चाल, आणि नंतर दर शनिवार-रविवारी सलग दोन दिवस अठरा-वीस किलोमीटर मुद्दाम सावकाश चाल. दर तासाला पाच-दहा मिनिटे न बसता उभी राहा. रविवारी सकाळी पाय जड असताना पुन्हा बाहेर पडणे हाच त्या सरावाचा खरा भाग आहे. त्याच जोडीला रोज जमिनीवर मांडी घालून जेव आणि आठवड्यातून दोन रात्री सतरंजीवर झोप. पंगतीत बसून हाताचा आधार न घेता उठता येणे तिथे फार उपयोगी पडते.

दिंडीत नाव आधी सांगावे लागते. प्रत्येक वारकरी आपल्या जेवणाखाण्याचा आणि ट्रकच्या खर्चाचा वाटा देतो. त्याला भिशी म्हणतात. तू एकाच दिवसासाठी येणार असलीस, तरी आजीकडून दिंडीप्रमुखांना विचारून तुझ्या वाट्याची भिशी आधी भर. स्वयंपाकाचे सामान माणसे मोजून भरलेले असते, त्यामुळे न सांगता पंगतीत बसणे बरे नव्हे.

नाव नोंदवतेस तेव्हाच दिंडीचा क्रमांक पाठ कर. तो सांगताना “रथापुढील” की “रथामागील” हेही सांगायचे असते, कारण पालखीच्या रथापुढे आणि रथामागे दिंड्यांचे क्रमांक वेगवेगळे मोजतात. नुसते “आमची बारा नंबरची दिंडी” म्हटले, तर विचारणारा तुला भलत्याच ठिकाणी पोहोचवील. गर्दीत फोन लागेलच असे नाही, म्हणून क्रमांक आणि आजीचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेव.

आता तो दिवस. पहाटे तीनच्या सुमारास उठायचे. बायका अंधारातच टँकरच्या पाण्यावर अंघोळी आटोपून घेतात. त्या रांगेत तू उशिरा उभी राहिलीस तर पुढचे सगळेच लांबते. मोठी पिशवी ट्रकमध्ये गेली की ती रात्री सासवडलाच हाती येईल, कारण गाड्या पालखीच्या वाटेने बरोबर चालत नाहीत. म्हणून दिवसभर लागेल तेवढेच पाठीवर ठेव : पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचा रेनकोट, कोरड्या मोज्यांचा एक जोड, टोपी किंवा मोठा रुमाल, साखर-मिठाच्या पुड्या, थोडे शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू. पालखी निघण्यापूर्वी कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्याला आवरायचे, दुसऱ्याला दिंडीने आपल्या जागी उभे राहायचे आणि तिसऱ्याला चालू लागायचे. दुसरा कर्णा होईपर्यंत तू ओळीत असलीच पाहिजेस.

ओळीची रचना बघून ठेव. सर्वांत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, त्यांच्या मागे वीणेकरी, आणि वीणेच्या मागे तुळशी वृंदावन व पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका. तुझी जागा तिथे, आजीजवळ. वीणेकऱ्यांना ओलांडून पुढे जायचे नाही आणि टाळकऱ्यांच्या दोन रांगांमधून आडवे घुसायचे नाही, फोटो काढायचा असला तरी नाही. वीणेकऱ्यांनी सुरू केलेला अभंग टाळकरी उचलतात आणि त्या ठेक्यावर पाऊल पडते. मधून कोणी आडवे गेले की आधी पाऊल चुकते, मग चाल मोडते आणि मागच्या पन्नास माणसांना ते जाणवते. बाहेर पडायचेच असेल तर शेजारणीला सांगून रस्त्याच्या कडेला हो, आणि परत येताना मागूनच ये. अभंग पाठ नसले तरी संकोच करू नकोस. ध्रुपद दोनदा ऐकलेस की म्हणता येते, आणि टाळ्यांवर ठेका धरणे तर पहिल्या तासातच जमते.

तिथे सगळ्यांना माऊली म्हणतात. तुलाही म्हणतील आणि तुझ्याहून चाळीस वर्षांनी मोठी बाई तुझ्या पाया पडेल. अशा वेळी मागे सरकू नकोस, “नको नको” असेही म्हणू नकोस. तूही वाकून तिच्या पाया पड. नमस्कार दोन्हीकडून होतो, तो एकट्याने घ्यायचा नसतो. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हाही देणारा आणि घेणारा असेच एकमेकांना नमस्कार करतात, ते जवळून पाहा.

हडपसर सोडून वडकीला पोहोचेपर्यंत ऊन चढते, आणि घाटापूर्वीचा विसावा तिथेच असतो. एकादशी असल्याने खिचडी, केळी, शेंगदाणे असे फराळाचे मिळते आणि रस्त्यावर लोकही आग्रहाने हातात काहीबाही ठेवतात. सगळे घेऊ नकोस. भरल्या पोटी घाट जड जातो. घोट-घोट पाणी मात्र सतत पीत राहा आणि एखाद्या बाटलीत साखर-मीठ घाल. डोके दुखू लागले, मळमळले किंवा घाम यायचाच थांबला, तर ते उन्हाचे लक्षण आहे. सरळ सावलीत बस आणि सोबतच्या बाईला सांग. वाटेत वैद्यकीय पथके असतात, त्यांच्याकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

विसाव्याला बूट-मोजे काढून दोन्ही तळवे बघ. फोड येण्यापूर्वी त्या जागी आधी चटका बसल्यासारखे वाटते आणि कातडी लाल होते. तेवढ्यातच चिकटपट्टी लावलीस तर पुढचे टळते. फोड आलाच आणि लहान असला तर तसाच झाकून ठेव. टपोरा असून टेकवत नसेल, तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढ, पण वरची कातडी ओढून काढू नकोस. काही जण फोडातून दोरा ओवून ठेवतात, ते तू करू नकोस, कारण चिखलपाण्यात त्या दोऱ्यावाटे जखम चिघळते. सकाळी निघतानाच बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळ. नवे बूट तर मुळीच नकोत. ज्यांत तू दोन महिने सराव केलास तेच घाल, आणि सायंकाळी पाय सुजतात म्हणून ते अर्ध्या मापाने सैल असू देत.

घाटात रथाला बैलांच्या जादा जोड्या जुंपतात आणि त्यामुळे मागची सगळी चाल अडखळत होते. तिथे पुढे जायची घाई करणारे बहुतेक एका दिवसापुरते आलेले असतात. तू तुझ्या दिंडीबरोबरच राहा. पाय दुखत असताना टाळांचा आवाज जवळ असला तर चढ पुष्कळ सोपा होतो. हे मी तुझ्या आजीच्या मागोमाग चढताना अनुभवले आहे.

सासवडच्या तळावर पोहोचायला अंधार पडतो. दमून लगेच राहुटीत शिरू नकोस, समाज आरतीसाठी थांब. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच गजर चालू असतो आणि चोपदार चोप वर करतात. त्यासरशी एवढा मोठा समुदाय शांत होतो. ज्या दिंडीला काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातात आणि गाऱ्हाणे ऐकून घेतात, मग त्या दिंडीचेही टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशीच्या सूचना देतात आणि मग आरती होते. वाटेत कोणी ओळ मोडली किंवा कोणी आपली जागा घेतली, तर रस्त्यात भांडायचे नसते, कारण त्याची दाद मागण्याची जागा ही आहे. तुझे काही हरवले तर तेही इथेच सांगायचे, मात्र आपल्या दिंडीप्रमुखांच्या मार्फत.

पंगतीत सगळ्यांना वाढून जयघोष होईपर्यंत घासाला हात लावू नकोस आणि शेजारच्यांचे होईपर्यंत उठू नकोस. हवे तेवढेच घे, पानात टाकू नकोस. जेवणानंतर कीर्तन असते, पण पहिल्या दिवशी तू झोपलीस तरी कोणी काही म्हणणार नाही.

सासवडला पालखी दोन रात्री असते, त्यामुळे दुसरा दिवस कपडे धुण्यात आणि पाय सुकवण्यात घालव. पुढे जेजुरीला जायचे की पुण्याला परतायचे, हे घाट चढल्याच्या आनंदात रात्री ठरवू नकोस. सकाळी उठून अनवाणी राहुटीभोवती दोन फेऱ्या मार. पाय टेकवताना लंगडावे लागले नाही आणि फोडांच्या कडा लाल-गरम नसल्या, तर आजीला सांगून पुढच्या दिवसांची भिशी भर. लंगडावे लागले तर पुण्याची एसटी धर आणि मला फोन कर.

तुझी,
आई