साहेब नुसतं ‘बघून घे’ म्हणाले, तर उलट मेल कसा लिहावा?

प्रश्न: मी अकाउंट्समध्ये आहे. ‘आमचे पैसे अडकलेत’ हा सप्लायरचा मेल साहेबांनी मला फॉरवर्ड केला, वर फक्त ‘जरा बघून घे’. नेमकं काय आणि कधीपर्यंत करायचं, हे कसं विचारू? मला काही कळत नाही असं वाटायला नको.

उत्तर:

‘नेमकं काय करायचं?’ असं मोघम विचारू नका. त्याचं उत्तर द्यायला साहेबांना बसून विचार करावा लागेल, आणि तोच टाळायला त्यांनी मेल तुमच्याकडे सरकवलाय. आधी लेजर उघडा, काय अडलंय ते पाहा आणि आपला अंदाज लिहून त्यावर हो-नाही मागा.

समजा पाच बिलं बाकी आहेत आणि त्यातल्या तीन बिलांचा जीएसटी रोखलाय. मग त्याच मेलला उत्तर द्या, म्हणजे मागचा पत्रव्यवहार सोबत राहतो:

“सर, लेजर पाहिलं. दोन बिलं आपल्याच मंजुरीसाठी थांबली आहेत. उरलेली तीन GSTR-2B मध्ये दिसत नाहीत, म्हणून त्यांचा जीएसटी रोखलाय. मी या पाच बिलांपुरतंच काम धरतोय. गेल्या वर्षीचा वाद यात घेत नाही. चालेल ना?

सप्लायरने 11 तारखेपर्यंत GSTR-1 मध्ये ती तीन बिलं दाखवली, तर 14 ला आपल्या 2B मध्ये येतील. म्हणून 16 ला तुम्हाला तक्ता देतो, 20 च्या 3B आधी. त्याआधी हवा असेल तर कळवा.

रोखलेली रक्कम सोडायचं मी ठरवू, की तुमची मंजुरी घेऊ? जुळवणी आजच सुरू करतो, पैसे मात्र तुमच्या उत्तराशिवाय सोडत नाही.”

यातला पैशांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारायचा राहतो. काम कुठवर हे लोक विचारतात, अधिकार कुठवर हे विचारत नाहीत. ‘उत्तर आलं नाही तर होकार समजतो’ हे वाक्य जुळवणीपुरतं ठीक आहे, पेमेंटच्या बाबतीत चुकूनही लिहू नका.

मुदत सुचवण्याआधी सप्लायरला एक फोन कराच. तो तिमाही रिटर्न भरणारा असेल आणि मधल्या महिन्यांत IFF मध्ये बिलं टाकत नसेल, तर ती तिमाही संपल्यावरच दिसतील आणि तुमची 16 तारीख कोसळेल. तसं असेल तर मेलमध्ये स्पष्ट लिहा आणि मूळ रक्कम आत्ता, जीएसटी नंतर, असा पर्याय ठेवा. शिवाय सप्लायरला आज निदान ‘तपासतोय’ एवढं कळवू का, हेही विचारून घ्या. पुष्कळदा साहेबांना तेवढंच हवं असतं.

दुसऱ्या दिवशीही उत्तर नाही आलं तर टेबलापाशी जाऊन विचारा. तोंडी जे ठरेल ते ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ म्हणून त्याच मेलखाली एका ओळीत टाका.