उन्हात किती वाळवायचे? काकूंच्या पत्रातले उडदाचे पापड

"आई, पापड उन्हातच का वाळवतात? मी ओव्हनमध्ये ठेवले तर जास्त कुरकुरीत होणार नाहीत का? आणि मार्केटमधून आणलेला पापड वाकतो, तुटत नाही, म्हणजे तो ओलाच असतो ना?"

प्रिय मनू,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी मेख तिथेच आहे. हो, तो थोडा ओलाच असतो, आणि असायलाच हवा. उडदाचा पापड विस्तवावर फुलतो तो त्याच्या आत उरलेल्या पाण्यामुळे. आच लागली की त्या पाण्याची वाफ होते, ती पीठ फुगवत बाहेर पडते आणि जागोजागी फोड येतात. फोडांच्या भिंती वाळल्या की आपण त्याला कुरकुरीत म्हणतो. सगळंच पाणी आधी उडवलंस तर फुलवायला काही उरत नाही. मग पापड भाजला जातो, पण सपाट आणि टणक राहतो. म्हणजे उन्हाचं काम पापड कडक करणं नाही, बेताचा वाळवणं आहे.

सोलापूरच्या आपल्या घराशेजारच्या मालूकाकू तुला आठवत असतील. त्यांना तुझा प्रश्न कळवला होता. त्यांनी सविस्तर पत्रच पाठवलं. त्यातलं कामाचं खाली उतरवते, मधे मधे माझं बोलणं आहे.

"अगं, तिला आधी सांग, ऊन म्हणजे दुपारचं नव्हे. तांदळाच्या पापड्या, कुरडया, साबुदाणा यांना कडक ऊन चालतं. त्या शिजवलेल्या चिकाच्या, खडखडीत वाळवून तळायच्या असतात. उडदाचा पापड कच्च्या पिठाचा. त्याला सकाळचं ऊन दाखवायचं आणि बाकीचं काम सावलीला करू द्यायचं.

पहिल्यांदा करणार असेल तर अर्धा किलोच घे म्हणावं. अर्धा किलो उडदाच्या डाळीचं पीठ, अगदी बारीक, मैद्याच्या चाळणीने चाळलेलं. पापडखार २० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम. मिरे १२ ते १५ ग्रॅम, कुटून जाडसर भरड, पण मोठा तुकडा राहू द्यायचा नाही. तो लाटताना पापडाला भोक पाडतो. हिंग एक चहाचा चमचा, चांगल्या वासाचा.

खार आणि मीठ पाण्यात उकळायचं आणि गार होऊ द्यायचं. खाली गाळ बसतो, तो सोडून वरचं निवळ पाणी घ्यायचं. उकळताना पाणी आटतं म्हणून जरा जास्त घ्यायचं. गार झाल्यावर वरचं पाणी साधारण २०० मिली भरलं पाहिजे. ते सगळंच्या सगळं पिठात जाऊ दे. अर्धं ठेवून दिलं तर खार-मीठही अर्धंच जातं. पाणी कमी पडलेलं वाटलं तर साध्या पाण्याचा हबका मारायचा."

इथे मी एक सांगते. पापडखार किराणा दुकानात त्याच नावाने मिळतो तोच घे, इकडच्या भारतीय दुकानांतही असतो. धुण्याचा सोडा त्याच जातीचा क्षार असला तरी तो खाण्यासाठी केलेला नसतो. खार घातला की पीठ लवचिक होतं, पातळ लाटता येतं आणि भाजल्यावर पापड चांगला फुलतो. तो जास्त झाला की पापड तळताना लालसर होतो आणि जिभेवर साबणासारखी चव येते. ती चव आली तर त्या पिठाचं काही करता येत नाही.

"पीठ पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट भिजवायचं. बोट दाबलं तर मुश्किलीने खूण उठली पाहिजे. त्यावर तेलाचा हात फिरवून झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी ते दगडासारखं वाटतं, घाबरायचं नाही. पाट्यावर ठेवून वरवंट्याने कुटायचं, तेलाचं बोट लावत लावत, दुमडत दुमडत. आधी त्याच्या कडा फाटतात. कुटता कुटता ते एकजीव होतं, रंग उजळतो, आणि तुकडा ओढला तर तुटायच्या आधी ताणला जातो. ताणला गेला की थांबायचं."

तुझ्याकडे पाटा-वरवंटा नाही. जाड पिशवीत पीठ घालून लाटण्याच्या टोकाने ठोकलंस तरी काम होईल, शेजारच्यांना मात्र आधी सांगून ठेव. हा भाग गाळू नकोस. उडदाच्या पिठात मुळात चिकटपणा असतो, तो कुटून सगळीकडे सारखा पसरतो. नीट न कुटलेल्या पिठाचे पापड लाटताना कडेने चिरतात, आणि चिरलेली कड भाजताना सगळ्यात आधी जळते.

"मग पिठाच्या बोटभर जाडीच्या सुरळ्या करायच्या. लाट्या सुरीने कापायच्या नाहीत. सुरी पीठ दाबते आणि लाटी चपटी होते. जाड दोरा घ्यायचा, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, दुसरं हातात. दोरा सुरळीखाली घालून वरून वेढा द्यायचा आणि ओढायचा. गोल, सारखी लाटी सुटून पडते. तेल लावून झाकून ठेवायच्या, वारा लागला की वरून साय धरते. आणि पोरांपासून लांब ठेवायच्या."

ते शेवटचं आमच्यासाठीच असायचं. कच्ची लाटी तेलात बुडवून खाण्यात जी मजा आहे ती भाजलेल्या पापडात नाही. दोन खाल्ल्या तर ठीक, जास्त खाल्ल्या की पोट धरून बसावं लागतं.

"लाटताना मधे जाड आणि कडेला पातळ असं होऊ द्यायचं नाही. लाटी आधी थोडी वाढवायची, मग लाटणं मधून कडेकडे न्यायचं आणि पापड फिरवत राहायचं. खाली छापील कागद धरला तर अक्षरं दिसली पाहिजेत, वाचता नाही आली तरी चालेल. पिठी लावायची तर उडदाचीच, अगदी जेमतेम. जास्त पिठी पापडावर राहते आणि तळताना तेलात जळते."

आता ऊन. हा भाग काकूंनी सगळ्यात बारकाईने लिहिला आहे.

"लाटलेला पापड लगेच उन्हात टाकायचा नाही. आधी घरातच सुती धोतरावर पसरायचा, पंखा हळू ठेवायचा. वरचा चिकटपणा गेला, बोट लावलं तर बोटाला काही येत नाही, मग गच्चीवर न्यायचा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात नऊच्या सुमाराला नेते आणि तासाभरात उचलते. मधे एकदा उलटा करते. कडा वर उचलू लागल्या की लगेच उलटायचे, त्या अजून मऊ असताना. एकदा वाटीसारखे वळले की सरळ करताना मोडतात.

उन्हातून काढले की गार होऊ द्यायचे आणि एकावर एक रचून ठेवायचे. वर पाट, पाटावर वजन. रात्रभर तसेच. सकाळी बघ, काल कडेला कडक आणि मधे ओलसर होते, ते सगळे सारखे झालेले असतात. मग पुन्हा थोडं ऊन दाखवायचं, अर्ध्या तासाच्या आत."

मला या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही रचून ठेवायची वाटते. पापडाची कड आधी वाळते, मध्यभाग मागे राहतो. मधलं वाळेपर्यंत उन्हात ठेवलास तर कड कोळपते. गठ्ठा दाबून ठेवला की मधली ओल हळूहळू कडेकडे सरकते आणि पापड सपाटही होतो. तुझ्या ओव्हनचं उत्तर यातच आलं. ओव्हनची गरम हवा कडा इतक्या झपाट्याने सुकवते की पापड वाकडातिकडा होतो, आणि आच जरा जास्त झाली की पीठ वाळायच्या ऐवजी शिजायला लागतं. त्यापेक्षा कोरड्या खोलीतला पंखा कितीतरी बरा.

तुमच्या मेलबर्नला एकाच दिवसात चार ऋतू होतात, त्यामुळे जानेवारीतला कोरडा, वाऱ्याचा दिवस बघून कर, आणि बाल्कनीत ठेवून कॉलेजला जाऊ नकोस. ढग आले की आत घे, पंख्याखाली. दमट दिवस असेल तर त्या दिवशी पीठच भिजवू नकोस. सोलापूरला उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून तासाभरात जे होतं, त्याला तुझ्याकडे जास्त वेळ लागेल. घड्याळापेक्षा पापडाकडे बघ.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? काकू म्हणतात, "हातात घेऊन हळू वाकव. कापडासारखा दुमडला तर ओला. थोडा वाकला आणि मग कट्कन तुटला तर झाला. वाकायच्या आधीच कड हातात आली, किंवा गठ्ठा हलवल्यावर खडखड वाजला, तर जास्त वाळला." मग एक भाजून बघायचा. मधे वातड आणि कडेला जळका असेल तर बाकीचे परत उन्हात. सगळीकडे टणक, फोड नाहीत, पांढरट डाग तसेच, तर एकतर जाड लाटलेत किंवा फार सुकवलेत. फार सुकलेले पापड काकू ओलसर धोतराच्या घडीत घटकाभर ठेवतात, म्हणजे मोडत नाहीत. पण तसे लगेच भाजून संपवायचे, डब्यात भरायचे नाहीत.

डब्यात जाणारे पापड पूर्ण गार असू देत. उन्हातून काढलेले गरमच भरले की झाकणाला आतून पाणी धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पत्र्याचा किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तळाशी कागद, हिंगाचा एक खडा. पावसाळ्यात पापड सादळले तर टाकून देऊ नयेत, पुन्हा थोडं ऊन दाखवलं की वळणावर येतात. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र तो अख्खा गठ्ठा टाकायचा, ठिपका पुसून वापरायचा नाही.

भाजताना गॅस मध्यम ठेव, पापड चिमट्यात धरून सतत फिरव आणि आधी कडा घे, मग मधला भाग. भाजल्यावर लगेच पापडावर पापड रचू नकोस. वाफ अडकते आणि खालचा पापड तिथेच मऊ पडतो. जाळीवर उभे ठेव आणि वाढायच्या वेळीच भाज.

पापडखार मिळाला नाही तर कळव, माझ्याकडे ॲडलेडला जास्तीचा आहे, पाठवते.

तुझी,
आई