हजार शब्दांचा लेख आठशेत कसा बसवायचा?

प्रश्न: "माझा लेख पेपरच्या संपादकीय पानासाठी घेतलाय पण 1000 शब्दांचा 800 करून मागतायत. मुद्दा आणि त्यातलं मेन उदाहरण जाऊ द्यायचं नाहीये. कुठून कापू?"

पहिलं म्हणजे स्वतःच कापून द्या, डेस्कवर सोडू नका. मी डेस्कवर काम करतो म्हणून सांगतो, बातमी शेवटाकडून कापायची सवय हाताला असते, कारण बातमीत महत्त्वाचं वर असतं. लेखात उलटं, जीव बऱ्याचदा खालच्या अर्ध्यात असतो आणि रात्री पान सोडायच्या घाईत नेमका तोच उडतो.

आणि प्रत्येक वाक्यातून थोडं थोडं कमी करत बसू नका, सगळे तेच करतात. त्यात उदाहरणातले बारकावे सगळ्यात आधी जातात, कारण ते "जास्तीचे" वाटतात, आणि मग उरतं ते कोणीही लिहिलं असतं असं काहीतरी.

आमच्याकडे आलेला एक लेख घ्या, कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद करण्यावर होता. आधी मुद्दा एका वाक्यात वेगळा लिहून काढला: शाळा बंद करायची की नाही हे पट बघून नाही, मुलाची पावसाळ्यातली वाट बघून ठरवा. आता प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न, तू गेलास तर हे वाक्य लंगडं पडतं का?

सुरुवातीला 1848, भिडेवाडा, सावित्रीबाई असा 80 शब्दांचा परिच्छेद होता. छान लिहिलेला, पण पटसंख्येशी संबंध शून्य. अख्खा गेला. (लेखकाचा जीव नेहमी सुरुवातीत अडकलेला असतो, आणि खरा लेख बहुतेक वेळा दुसऱ्या परिच्छेदात सुरू होतो.) मग दुसऱ्या जिल्ह्यांतली दोन उदाहरणं, तेच सांगणारी पण ऐकीव, 60 शब्द, तीही गेली. शेवटी "शासनाने गांभीर्याने विचार करावा" छापाच्या ओळी, 25 शब्द. झाले 165, आणि मुद्द्याला धक्का लागलेला नाही.

एक परिच्छेद मात्र मोह होऊनही ठेवला. दहा पोरांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, मोठ्या शाळेत पोरांना सोबत मिळते, ही समोरच्याची बाजू. जागा कमी पडली की लोक हीच आधी उडवतात, पण ती गेली की लेख हवेत भांडल्यासारखा वाटतो, वाचकाच्या डोक्यात तो प्रश्न असतोच ना. हवं तर दोन वाक्यांत आणा, पण राहू द्या.

उरलेले 35 शब्द वाक्यांतून काढायचे. मूळ उदाहरण, गावापासून दुसऱ्या शाळेच्या अंतराचं, असं होतं: "या ठिकाणी हेही लक्षात घेणे गरजेचे आहे की, नकाशावर जरी हे अंतर 900 मीटर इतकेच दिसत असले तरीदेखील पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या कालावधीमध्ये मध्ये येणाऱ्या ओढ्याला पूर येत असल्या कारणाने मुलांना 3 किलोमीटरचा वळसा घालून शाळेत जावे लागते."

त्याचं केलं: "नकाशावर अंतर 900 मीटर. पण पावसाळ्याचे चार महिने मधल्या ओढ्याला पाणी असतं, तेव्हा मुलांना 3 किलोमीटरचा वळसा पडतो."

37 चे 18 झाले, आणि ओढा, 900, 3, चार महिने, सगळं जागच्या जागी. 900 तर अजिबात हलवायचं नव्हतं, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, म्हणजे कागदावर ती दुसरी शाळा नियमात बसते आणि जुलैत बसत नाही, अख्खा लेख त्या एका आकड्यावर उभा आहे. राहिलेले 16 शब्द इतर ठिकाणच्या "च्या माध्यमातून", "करण्यात आलेले आहे", "त्या दृष्टीने पाहता" मधून सहज निघाले.

कापून झालं की तुटलेले धागे शोधा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009 हे त्या उडवलेल्या सुरुवातीतच सांगितलेलं होतं, त्यामुळे पुढे नुसतंच "आरटीई" लटकत राहिलं. "वर म्हटल्याप्रमाणे", "ही तिन्ही गावं" असलं काही उरलंय का बघा, तीनातलं एकच गाव आता लेखात आहे. यासाठी लेख न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या आणि कुठे मागे जाऊन बघावं लागलं तेवढंच विचारा. मथळाही तपासा, उडवलेल्या भागावर बेतलेला असेल तर बदला.

मेलमध्ये शेवटी एक ओळ टाका: अजून जागा कमी पडली तर तिसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य काढा, ओढ्याच्या उदाहरणाला हात लावू नका. डेस्कवाल्याला रात्री अकरा वाजता अशी ओळ दिसली की तो तेच वाक्य काढतो, दुसरं शोधत बसत नाही.