करंट नेमप्लेटच्या आत असूनही मोटर तापते, तेव्हा आधी काय तपासावे?

प्रश्न: साखर कारखान्यात बगॅस कॅरियरवर १५ किलोवॅटची चार पोलची मोटर आहे, व्हीएफडीवर साधारण २४ हर्ट्झला चालते. नेमप्लेटवर २७ अँपिअर आहेत, ती २४ घेते. तरी बॉडीवर हात ठेवता येत नाही. दोष हवेचा, हार्मोनिक्सचा की बेअरिंगचा?

उत्तर: माझा पहिला संशय हवेवर आहे आणि त्याचे कारण आपल्याच आकड्यांत आहे. मोटरचा करंट मुख्यतः तिच्यावरच्या टॉर्कप्रमाणे ठरतो, वेगाप्रमाणे नाही. कॅरियरला कोणत्याही वेगाला जवळपास सारखाच टॉर्क लागत असल्यामुळे ५० हर्ट्झला जेवढा करंट लागला असता साधारण तेवढाच २४ हर्ट्झलाही लागतो, आणि वाइंडिंगच्या तांब्यात उष्णताही तेवढीच निर्माण होते. ती बाहेर नेणारा पंखा मात्र मोटरच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे वेग निम्मा झाला की हवाही निम्मीच मिळते. नेमप्लेटवरचे २७ अँपिअर हे पूर्ण वेगाने फिरणारा पंखा गृहीत धरून दिलेले असतात. २४ हर्ट्झला ती मर्यादा लागूच होत नाही. त्यात बगॅसची ओलसर धूळ काउलच्या जाळीवर आणि फिन्सच्या फटींत थापली जाऊन वाळली असेल, तर आहे ती हवाही फिन्सना न लागता बाजूने निघून जाते. काउल काढून पाहावे; बाहेरून जाळी स्वच्छ दिसली म्हणजे फिन्स स्वच्छ आहेत असे नव्हे.

हाताच्या अंदाजावर मात्र विसंबू नये. साठ अंशांच्या पुढे हात टिकत नाही, आणि पूर्ण भारावरच्या निर्दोष मोटरची बॉडीही ७० ते ८० अंशांपर्यंत जाऊ शकते. इन्फ्रारेड थर्मामीटरने रंग दिलेल्या भागावर, म्हणजे बॉडीच्या मध्यावर आणि दोन्ही बेअरिंगच्या हाउसिंगवर, तापमान घ्यावे. चकचकीत धातूवर हे उपकरण कमी आकडा दाखवते. सर्वसाधारणपणे बॉडीचा मध्य सर्वांत गरम असतो. तसेच असेल तर उष्णता वाइंडिंगची आहे, आणि एखादे हाउसिंग मध्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथले बेअरिंग तपासावे. पंख्यापासून दूरची, म्हणजे कपलिंगकडची बाजू थोडी अधिक गरम असणे स्वाभाविक आहे.

बेअरिंगचा दोष करंटवर कधी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. घर्षणाने शंभर वॉट जास्त जात असले तरी १५ किलोवॅटच्या मोटरमध्ये ते एक टक्काही होत नाहीत, पण तेवढी उष्णता एका लहानशा हाउसिंगमध्ये साठली की ते पार तापते. माझ्या पाहण्यात याचे नेहमीचे कारण ग्रीसची कमतरता नसून जादा ग्रीस असते. नुकतेच ग्रीसिंग झाले असेल आणि दिवसभरानंतरही तापमान उतरले नसेल, तर ग्रीस बाहेर पडण्याचा प्लग बंद राहिला आहे का ते पाहावे.

हार्मोनिक्सचा वाटा खरा असतो, पण एकट्याने एवढा ताप तो क्वचितच करतो. ड्राइव्हच्या व्होल्टेजमधील उच्च वारंवारतांमुळे रोटरच्या बारांमध्ये जादा नुकसान होते आणि करंटच्या एकूण आकड्यात ते फारसे दिसत नाही. कॅरिअर फ्रिक्वेन्सी २ किलोहर्ट्झवर असेल तर ती ४ करून, भार तोच ठेवून, दोन-तीन तासांनी पुन्हा तापमान घ्यावे. काही अंश उतरले तर तेवढा वाटा हार्मोनिक्सचा. त्याने ड्राइव्ह स्वतः अधिक तापतो, त्यामुळे पॅनेलची हवाही पाहावी.

वाइंडिंगला खरोखर धोका आहे का, हे रेझिस्टन्सवरून कळते. समजा, ३० अंशांना थंड मोटरचा दोन टर्मिनलमधील रेझिस्टन्स ०.५० ओहम आला आणि गरम असताना ०.७० आला. तांब्यासाठी सूत्र असे:

```
T2 = (R2/R1) × (235 + T1) − 235
   = 1.4 × 265 − 235 = 136
```

म्हणजे वाइंडिंग सरासरी १३६ अंशांवर आहे. भोवतालची हवा ४० अंशांची असेल तर वाढ ९६ अंशांची झाली. क्लास एफ इन्सुलेशनची १०५ ची मर्यादा ओलांडलेली नाही, पण बहुतेक मोटरी ज्या ८० अंशांच्या वाढीसाठी बनवलेल्या असतात ती मागे पडली आहे. यासाठी कमी ओहम मोजणारे मीटर लागते, साधे मल्टिमीटर चालत नाही. ड्राइव्ह थांबवून मोटरजवळचा आयसोलेटर उघडावा, लॉक करावा आणि टर्मिनलवर व्होल्टेज नसल्याची खात्री करून लगेच मोजावे. उशीर झाला तर आकडा कमी येतो.

साफसफाईनंतरही वाढ एवढीच राहिली तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे मोटरच्या मागे स्वतंत्र पुरवठ्यावरचा पंखा बसवणे, जो मोटरच्या वेगाशी बांधलेला नसतो. दुसरा मला अधिक पटतो: कॅरियर कायम याच वेगाने चालणार असेल, तर दुप्पट रिडक्शनचा गिअरबॉक्स बसवून मोटर ४८ हर्ट्झला चालवावी. मोटरवरचा टॉर्क जवळपास निम्मा होतो. चुंबकीकरणाचा करंट तसाच राहत असल्याने एकूण करंट निम्मा होत नाही, पण बराच उतरतो, आणि पंख्याची हवाही पूर्ण मिळते. त्याआधी आजच्या २५ हर्ट्झच्या, म्हणजे नव्या गिअरबॉक्सवरच्या ५० हर्ट्झच्या वर वेग कधी लागतो का, हे गाळप विभागाला विचारून घ्यावे.