तातडी तारखेला लाव, आजाराला नको

प्रिय,

रुग्णालयाच्या आरोग्य तपासणी पॅकेजच्या पोस्टरसाठी तू लिहिलेल्या बारा ओळी वाचल्या, खालचा वैतागही वाचला. मार्केटिंगवाले म्हणतात ओळींना धार नाही, डॉक्टर म्हणतात लोक घाबरतील, आणि मधल्या मध्ये तुझं डोकं भणभणतंय. पण त्यावर तू केलंस काय? भीतीचं प्रमाण बदलून पाहिलंस. पहिल्या ओळीत चमचाभर, पाचवीत अर्धा चमचा, नवव्या ओळीत नुसती वासापुरती. असं करून धारही येत नाही आणि भीतीही जात नाही. तातडी म्हणजे सौम्य केलेली भीती नव्हे. काय होईल हे भीती सांगते. कधी निघायचं हे तातडी सांगते. तुझ्या बाराच्या बारा ओळींत 'कधी' कुठेच नाही.

म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि ती तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: तातडी तारखेला लाव, आजाराला लावू नको.

हा माझा लहरी हट्ट नाही. 1965 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीबद्दलची पत्रकं वाचायला दिली. काही पत्रकं अंगावर काटा आणणारी होती, काही शांत. भीतीदायक पत्रक वाचणारे 'हो, लस घ्यायलाच हवी' असं जास्त म्हणाले. प्रत्यक्षात लस घेण्याच्या बाबतीत मात्र घाबरलेले आणि न घाबरलेले यांच्यात फरक पडला नाही. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. काही विद्यार्थ्यांना आवारातलं आरोग्यकेंद्र दाखवणारा नकाशा दिला होता आणि आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते बघायला सांगितलं होतं. त्यांच्यातल्या सुमारे 28 टक्के जणांनी लस घेतली. नुसतं पत्रक वाचलेल्यांत हे प्रमाण सुमारे 3 टक्के होतं. आता यातला तिसरा भागही लक्षात ठेव, तो सगळे विसरतात. ज्यांना फक्त नकाशा आणि वेळ दिली, धोक्याबद्दल काहीच सांगितलं नाही, त्यांच्यातलं कोणीच गेलं नाही. म्हणजे कारणाचं एक वाक्य लागतं. एकच, आणि तेही साधं.

आता तुझी चौथी ओळ घेऊ, कारण मार्केटिंगला तीच आवडली आहे: 'आज तपासणी टाळलीत, तर उद्या पस्तावाल.' यातला दोष त्या 'तर'मध्ये आहे. मराठीत धमकी 'तर' आणि 'नाहीतर'च्या आडोशाने येते. ऐकणाऱ्याला ती लहानपणापासून पाठ असते, आणि तिच्याकडे कानाडोळा कसा करायचा हेही. शिवाय 'उद्या' हा दिवस कोणाच्याच दिनदर्शिकेत नसतो. सातव्या ओळीत तू 'मुलांसाठी तरी' म्हटलं आहेस. ती धमकीच आहे, फक्त आवाज रडका केलेला. 'वेळीच सावध व्हा'बद्दल बोलायलाच नको. ती ओळ इतक्या भिंतींवर होऊन गेली आहे की आता ती भिंतीसारखीच दिसते.

कारण कुठून आणायचं? पॅकेजमध्ये जे मोजलं जातं त्यातून. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा जाणवत नाही. रक्तातली साखरही सुरुवातीला पुष्कळांना काही जाणवू न देता वाढत राहते. घाबरवणाऱ्या ओळी हीच माहिती घेऊन 'छुपा शत्रू' वगैरे बनवतात. तू ती उलटी धर: 'बीपी-शुगर जाणवण्याआधी मोजता येते.' माहिती तीच, फक्त वाक्याचा शेवट वाचणाऱ्याच्या हातात काहीतरी देऊन होतो. डॉक्टरांनाही यात खोडण्यासारखं काही सापडणार नाही, कारण ओळ कुठलंही भाकीत करत नाही.

आता 'कधी'. इथे बहुतेकजण आळस करतात आणि 'आजच या' लिहून मोकळे होतात. 'आजच' ही वेळ नव्हे. ज्याने सकाळी पोहे खाल्लेत त्याची उपाशीपोटीची साखर आज तपासताच येणार नाही, म्हणजे तुझी ओळ पहिल्याच पायरीवर खोटी पडते. लेखणी खाली ठेव, तपासणी विभागात जाऊन बस आणि एका माणसाची सकाळ घड्याळ लावून लिहून काढ. तू पाठवलेल्या यादीत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची अशा दोन्ही साखरा, लिपिड, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे आहे. त्यावरून सकाळ साधारण अशी जाईल. साडेसातला माणूस येतो, पावणेआठला उपाशीपोटी रक्त देतो. सोनोग्राफी नाश्त्याच्या आधीच व्हायला हवी, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं आणि नीट दिसत नाही. ती सव्वाआठला. पावणेनऊला नाश्ता. जेवणानंतरच्या साखरेचं रक्त खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घेतात, म्हणजे पावणेअकराला. मधल्या दोन तासांत ईसीजी, एक्स-रे, आणि पाच मिनिटं शांत बसवून मोजलेला रक्तदाब. अकराला माणूस मोकळा.

हे गणित केलं नसतंस तर उत्साहाच्या भरात 'तासाभरात तपासणी' लिहून गेली असती तुझी लेखणी. मग दुसऱ्या रक्तासाठी थांबवून ठेवलेला माणूस काउंटरवर भांडला असता, आणि पुढच्या वर्षी आलाच नसता. गणित केल्यावर ओळ आपोआप समोर येते:

'बीपी-शुगर जाणवण्याआधी मोजता येते. शनिवारी सकाळी साडेसातला उपाशीपोटी या, अकराला मोकळे.'

यात आजाराला धक्काही लावलेला नाही, तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात लगेच शनिवारची जुळवाजुळव सुरू होते. तातडी तारखेला लागली की असं होतं. मार्केटिंग म्हणेल, ही घोषणा नव्हे, सूचना आहे. म्हणू दे. खाली बारीक अक्षरांत 'आदल्या रात्री दहानंतर काही खाऊ नका, चहाही नको, पाणी चालेल' हे घालायला विसरू नको. दहाला शेवटचा घास आणि पावणेआठला रक्त म्हणजे पावणेदहा तास. साखरेला किमान आठ तास पुरतात, पण काही लॅब लिपिडसाठी दहा ते बारा मागतात. तुमची लॅब बारा मागत असेल तर दहाचे साडेसात कर. आणि नेहमीची औषधं घ्यायची की थांबवायची हे घोषणेत ठरवू नको. तिथे फक्त 'औषधं चालू असल्यास आधी फोन करा', विशेषतः मधुमेहाची.

'मोजक्या जागा' आणि 'शेवटचे तीन दिवस' या तुझ्या दहाव्या-अकराव्या ओळींनी मला चीड आली. सोनोग्राफीच्या मशीनवर सकाळी खरोखर वीसच जण बसत असतील, तर 'शनिवारी 20 जणांची सोय' हे लिही. ती खरी मर्यादा आहे, आणि आकड्यात तातडी आहेच. पण सवलत दर महिन्याला पुन्हा वाढवायची असेल, तर तो शेवट खोटा आहे. रुग्णालयाने तारखेबद्दल खोटं बोलल्यावर त्याच रुग्णालयाच्या रिपोर्टवर लोकांनी विश्वास ठेवायचा, ही अपेक्षा मला कधी कळलेली नाही.

सहावी ओळ मात्र फाडूनच टाक. 'छातीत दुखतं? धाप लागते? आमचं पॅकेज घ्या.' ही नुसती घाबरवणारी नाही, घातक आहे. पॅकेज हे ज्याला काही होत नाही अशा माणसासाठी असतं. ज्याच्या छातीत आत्ता दुखतंय त्याने शनिवारची वाट बघायची नसते, त्याने तातडीच्या विभागात जायचं असतं. तुझी ओळ वाचून त्याने चार दिवसांनंतरची वेळ घेतली, तर त्या चार दिवसांत तुझाही हात आहे. लक्षणांचा उल्लेख घोषणेत नकोच. पत्रकाच्या तळाशी एक ओळ असू दे: 'त्रास होत असेल तर तपासणीसाठी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे या.' आणि वेळ देणाऱ्या काउंटरवर 'सध्या काही त्रास होतोय का?' हा प्रश्न पहिला विचारायला सांग.

तिसऱ्या ओळीतलं 'जीव वाचवणारं पॅकेज'ही काढ. निरोगी माणसांच्या सरसकट तपासण्यांवरचे प्रयोग एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2012 मध्ये आढावा घेतला आणि 2019 मध्ये तो सुधारला. अशा तपासण्यांमुळे एकूण मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. याचा अर्थ बीपी मोजणं निरर्थक असा नाही. सापडलेल्या वाढलेल्या बीपीवर उपचार केल्याचा फायदा पक्का आहे. अर्थ एवढाच की संपूर्ण पॅकेजच्या नावावर जिवाचं वचन देता येत नाही. 'मोजता येते' म्हणता येतं, म्हणून मी त्या क्रियापदाला चिकटून बसलो आहे.

'72 चाचण्या एकाच छताखाली'चंही तेच. बऱ्याच चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादा निरोगी माणसांपैकी 95 टक्के आत बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता साधारण 64 टक्के निघते. तुम्ही घोषणेतून भीती काढता आणि रिपोर्टातून घरी पाठवता. म्हणून चाचण्यांचा आकडा मिरवण्यापेक्षा रिपोर्ट समजावून सांगण्याची वेळ मिरव: 'सोमवारी संध्याकाळी डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगतील.' पुन्हा तारीखच बघ! पण आधी डॉक्टर सोमवारी खरंच बसणार आहेत का, ते विचार.

हे सगळं जरा जास्तच झालं असेल. घाबरवणाऱ्या ओळी मीही पुष्कळ लिहिल्या आहेत आणि त्यांवर फोन खणखणताना पाहून खूशही झालो आहे. ते फोन कोणाचे होते हे फार उशिरा विचारलं. म्हणून तू आधीच विचार. नवी ओळ पाचजणांना दाखव, पण 'आवडली का?' विचारू नको, सगळे हो म्हणतात. 'हे वाचून आता काय कराल?' एवढंच विचार. 'आमच्या शेजारच्यांना असंच झालं होतं' असं उत्तर आलं तर ओळ भीतीवर चालते आहे. 'या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी जमेल' असं कोणी म्हणालं, तर तीच ठेव.

लॅब किती तास उपाशी राहायला सांगते आणि शनिवारी खरोखर किती जण बसतात, हे दोन आकडे उद्या कळव. त्याशिवाय पोस्टर छपाईला जाऊ देऊ नको.

तुझा,
अजूनही त्या 'तर'वर रागावलेला